साडेसाती आणि शनीचे आठ साक्षीदार: अष्टकवर्गाचे बिंदू मोजून गोचर कसं पाहायचं

मार्केट यार्डातले एक गूळव्यापारी 2025 च्या दिवाळीआधी घरी आले. शाळेत माझ्याकडे गणिताला होते, त्यामुळे अजून ‘सर’च म्हणतात. रास मीन. शनी मीनेत, म्हणजे साडेसातीचा मधला टप्पा. यार्डात कुणीतरी सांगितलेलं की मधली अडीच वर्षं छातीवर बसतात, नवं काही हातात घेऊ नका. त्यांना दुसरा गाळा भाड्याने घ्यायचा होता. “सर, दर शनिवारी मारुतीला तेल घालतोय. पण गाळ्याचं काय करू, तेवढं सांगा की.”

मी पत्रिका मागितली, कोरा कागद घेतला आणि त्यांच्याकडूनच बेरीज करून घेतली. तीच रीत इथे मांडतो. अष्टकवर्ग सातही ग्रहांचा असतो, पण शिकायला एक शनी पुरे. तो एका राशीत सुमारे अडीच वर्षं राहतो, त्यामुळे मोजण्याचे श्रम वाया जात नाहीत.

साडेसाती ही आठातली एक ओळ आहे

शनीच्या गोचराचा, म्हणजे सध्या तो ज्या राशीतून चाललाय त्याचा, नेहमीचा नियम सगळ्यांना पाठ असतो: चंद्रापासून तिसरा, सहावा, अकरावा शनी चांगला, बाकीचा त्रासाचा. अष्टकवर्ग या नियमाला खोटं पाडत नाही. तो एवढंच म्हणतो की चंद्र हा एक साक्षीदार झाला, अजून सात जणांना विचारा. सूर्य, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, खुद्द जन्माचा शनी आणि लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास. प्रत्येक जण आपल्या जागेवरून काही ठरावीक घरांत शनीला अनुकूल मत देतो. त्या एका मताला बिंदू म्हणायचं. म्हणून एका राशीत शनीला कमीत कमी 0 आणि जास्तीत जास्त 8 बिंदू पडू शकतात. राहू-केतू या मोजणीत नाहीत.

शनीचा तक्ता असा आहे. आकडे म्हणजे त्या ग्रहाच्या राशीपासून मोजलेली घरं:

सूर्यापासून: 1, 2, 4, 7, 8, 10, 11
चंद्रापासून: 3, 6, 11
मंगळापासून: 3, 5, 6, 10, 11, 12
बुधापासून: 6, 8, 9, 10, 11, 12
गुरूपासून: 5, 6, 11, 12
शुक्रापासून: 6, 11, 12
शनीपासून: 3, 5, 6, 11
लग्नापासून: 1, 3, 4, 6, 10, 11

चंद्राची ओळ पाहा: 3, 6, 11. पंचांगाच्या मागच्या पानांवर राशीनिहाय शनीचं जे फळ छापलेलं असतं, ते या एका ओळीवर उभं आहे. एकूण आकडे 39. कुंडली कुणाचीही असो, शनीचे सगळे बिंदू मिळून 39च होतात, फक्त बारा राशींत त्यांची वाटणी बदलते. सरासरी काढली तर राशीला सव्वातीनच्या आसपास.

कागदावर मोजणी

आडव्या आठ ओळी आणि उभे बारा रकाने आखा. रकान्यांवर मेष ते मीन लिहा, ओळींच्या सुरुवातीला आठ साक्षीदार. या कागदाला प्रस्तारक म्हणतात. तो नीट जपून ठेवा, पुढे कक्षा पाहताना पुन्हा लागतो.

आमच्या व्यापाऱ्यांचा जन्म नोव्हेंबर 1985 मधला, रात्री आठच्या सुमाराचा. मिथुन लग्न. मंगळ कन्येत, शुक्र तुळेत, सूर्य, बुध आणि शनी तिघेही वृश्चिकेत, गुरू मकरेत, चंद्र मीनेत.

आधी चंद्राची ओळ भरू. मोजताना ग्रह ज्या राशीत आहे ती पहिली धरायची. मीन पहिली, म्हणून तिसरी वृषभ, सहावी सिंह, अकरावी मकर. या तीन रकान्यांत टिंब द्या. मग सूर्याची. वृश्चिक पहिली, तिथेच टिंब. दुसरी धनू, चौथी कुंभ, सातवी वृषभ, आठवी मिथुन, दहावी सिंह, अकरावी कन्या. अशाच उरलेल्या सहा ओळी.

इथे नवशिक्याची हमखास चूक होते ती पुढच्या राशीपासून मोजायला सुरुवात करण्याची. ही चूक बेरजेत पकडली जात नाही, कारण सगळी ओळ एक घर सरकली तरी एकूण 39च राहतात. पकडायची युक्ती सोपी आहे. सूर्याच्या आणि लग्नाच्या ओळीत ‘1’ आहे. म्हणजे सूर्य ज्या राशीत बसलाय तिथे सूर्याच्या ओळीत टिंब हवंच, आणि लग्नराशीत लग्नाच्या ओळीत हवंच. नसेल तर मोजणी सरकली.

आठही ओळी भरून उभी बेरीज केली तेव्हा हे आकडे आले:

मेष 3, वृषभ 3, मिथुन 5, कर्क 2, सिंह 6, कन्या 5, तूळ 1, वृश्चिक 4, धनू 2, मकर 3, कुंभ 2, मीन 3.

बेरीज 39. हा झाला शनीचा भिन्नाष्टकवर्ग. रूढ वाचन असं, की चार बिंदू म्हणजे समतोल, पाच किंवा जास्त असले तर शनी त्या घराला आधार देतो, तीन किंवा कमी असले तर ताण देतो, आणि एक-शून्यावर तो जड होतो.

साडेसातीच्या तीन राशी बघा: कुंभ 2, मीन 3, मेष 3. एकही चारावर नाही, त्यामुळे साडेसाती सुखाची आहे असं मी त्यांना म्हटलं नाही. पण ‘मधली सगळ्यात वाईट’ ही समजूत या पत्रिकेत बसत नाही. तिघींत कमी बिंदू कुंभेत आहेत आणि शनी कुंभेतून 29 मार्च 2025 ला बाहेर पडला. खरा खड्डा तर भलतीकडेच आहे. तुळेत एकच बिंदू. तूळ ही शनीची उच्च रास! नुसती रास बघणारा तिथल्या शनीला नावाजेल, आणि या माणसाच्या पत्रिकेत आठांपैकी सात साक्षीदार तिथे गप्प आहेत. फक्त बुधाने मत दिलंय.

घराची ताकद वेगळी मोजायची

शनी घरात कसा वागेल ते वरच्या आकड्यावरून कळतं. ते घर मुळात किती भक्कम आहे हा वेगळा प्रश्न. त्यासाठी सातही ग्रहांचे भिन्नाष्टकवर्ग करून राशीनिहाय बेरीज घेतात, तिला सर्वाष्टकवर्ग म्हणतात. सात तक्ते हाताने करायला संध्याकाळ जाते. एकदा करून बघावेत, नंतर संगणकावरची पत्रिका घ्यावी, त्यात हा तक्ता असतो.

सगळ्यांची एकूण बेरीज 337, म्हणजे राशीला सरासरी 28. तीसच्या वर असलेलं घर ताकदीचं मानतात, पंचवीसच्या खाली कमकुवत. मधल्या पट्ट्यात फार बोलू नये, असं माझं मत. 27 आणि 29 यांत जमीन-अस्मानाचा फरक सांगणारे पाहिले आहेत, मला तो कधी दिसला नाही.

आमच्या पत्रिकेत मीन रास लग्नापासून दहावी, म्हणजे कर्मस्थान. त्या रकान्यात सूर्याचे 4, चंद्राचे 4, मंगळाचे 5, बुधाचे 4, गुरूचे 6, शुक्राचे 3 आणि शनीचे 3 असे 29 आले. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा: घर 29, पाहुणा 3. भिंत सरासरीहून किंचित बरी आहे, पाहुणा थोडा कुरकुरा. माझ्या भाषेत, धंदा उभा राहतो, पण आयता काही देत नाही. कामाचे तास वाढतात, वसुली लांबते, माणसं टिकवायला दमछाक होते. हेच घर 22 चं असतं आणि शनीचे बिंदू 1 असते, तर मीही गाळा थांबवा म्हटलं असतं. उलट घर 22 आणि शनीचे बिंदू 6 असतील तर शनी त्या कमकुवत घराला शिस्तीने उभं करतो असं जुने लोक सांगतात.

एक लक्षात ठेवा. दोन आकड्यांत भांडण झालं तर गोचरासाठी मी ग्रहाच्या स्वतःच्या बिंदूंना झुकतं माप देतो. सर्वाष्टकवर्गात सातही ग्रह मिसळलेले असतात. मीनेत गुरूचे 6 आहेत ही गोष्ट गुरू मीनेत येईल तेव्हा कामाची, शनी तिथे असताना नाही.

बिंदू की रेषा? इथे पत्रिका उलटी वाचली जाते

जुन्या हस्तलिखित पत्रिका आणल्या की हा घोळ होतो. आपण इथे शुभ मताला बिंदू म्हणतोय. पण दुसऱ्या परंपरेत शुभ मताला रेषा आणि अशुभाला बिंदू म्हणतात. मीनेत 3 रेषा म्हणजे त्याच जागी 5 बिंदू असं त्या पद्धतीत लिहिलेलं असतं. कुणी ते 5 बघून शनी उत्तम म्हणून मोकळा होतो.

सर्वाष्टकवर्गाच्या बेरजेवरून हे ओळखू जाल तर फसाल. एकूण मतं 8 गुणिले 12 गुणिले 7, म्हणजे 672. त्यातून 337 गेले की उरतात 335. दोनचाच फरक! सूर्याचा स्वतःचा भिन्नाष्टकवर्ग तर साफ निरुपयोगी आहे, तिथे शुभ 48 आणि अशुभही 48. म्हणून थेट शनीची बेरीज करा. 39 आली तर तुमच्या हातात शुभ मतं आहेत, 57 आली तर अशुभ.

दुसरा असाच सापळा म्हणजे 386 ची एकूण बेरीज. काही जण लग्नाचाही अष्टकवर्ग करतात, त्याचे 49 मिळवले की 337 चे 386 होतात. मग राशीची सरासरी 32 वर जाते आणि 29 चं घर सरासरीच्या खाली पडतं. आकडा वाचण्याआधी एकूण बेरीज बघायची सवय लावा. आणखी एक: त्रिकोण शोधन, एकाधिपत्य शोधन असे शब्द आणि त्याखाली बारीक झालेले आकडे दिसले तर ते गोचरासाठी वापरू नका. ते आयुर्दायासारख्या, म्हणजे आयुष्याची लांबी काढण्याच्या, वेगळ्या गणितासाठी कमी केलेले असतात.

अडीच वर्षांतले महिने: कक्षा

तीन बिंदू म्हणजे अडीच वर्षं एकसारखी तीनच्या हिशेबाने जातात असं नाही. इथे प्रस्तारकाचा कागद पुन्हा काढा. एका राशीच्या 30 अंशांचे आठ समान भाग केले की प्रत्येकी 3 अंश 45 कला येतात. त्या भागाला कक्षा म्हणतात आणि प्रत्येक कक्षेचा एक धनी असतो. क्रम ठरलेला आहे: शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र, लग्न. शनी ज्या कक्षेत आहे तिच्या धन्याने त्या राशीत टिंब दिलं असेल तर तो काळ मोकळा, नसेल तर ओढाताणीचा.

आमच्या कागदावर मीनेच्या रकान्यात टिंबं तीन जणांची: शनी (वृश्चिकेपासून मीन पाचवी), शुक्र (तुळेपासून सहावी) आणि लग्न (मिथुनेपासून दहावी). म्हणजे 0 ते 3 अंश 45 कला मोकळं. तिथून 15 अंशांपर्यंत गुरू, मंगळ, सूर्य सलग तीन रिकाम्या कक्षा. 15 ते 18 अंश 45 कला शुक्राची, मोकळी. पुढे बुध आणि चंद्र रिकामे. शेवटी 26 अंश 15 कलांपासून राशीच्या टोकापर्यंत लग्नाची, पुन्हा मोकळी.

आता अंशांचे महिने करायचे. तीस महिन्यांना आठाने भागून पावणेचार महिन्यांची एक कक्षा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, शनी दरवर्षी वक्री होतो. जुलै 2025 मध्ये तो मीनेत साडेसात अंशांच्या पुढे जाऊन मागे फिरला आणि नोव्हेंबरअखेर एक अंशाच्या आसपास आला. म्हणजे पहिली कक्षा त्याने दोनदा भोगली: एप्रिल 2025 मध्ये, आणि पुन्हा साधारण ऑक्टोबर 2025 पासून जानेवारी 2026 च्या चौथ्या आठवड्यापर्यंत. तिथून 15 अंशांपर्यंतचा रिकामा पट्टा एप्रिल 2026 अखेरपर्यंतचा. मे 2026 मध्ये शुक्राची कक्षा लागते, जुलै 2026 मध्ये तो साडेवीस अंशांच्या जवळ जाऊन पुन्हा मागे फिरतो, त्यामुळे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत शुक्राची कक्षा परत येते. नेमका दिवस पंचांगातल्या रोजच्या अंशांवरून काढा, आणि अयनांश, म्हणजे राशीचक्राची सुरुवात कुठे धरायची तो फरक, पत्रिकेला वापरलाय तोच असू द्या. कक्षेच्या कडेला अयनांशाचा अर्धा अंश इकडेतिकडे झाला तरी तारखा बऱ्याच सरकतात.

हे महिने पाहून व्यापाऱ्यांचा चेहरा जरा सैल झाला, कारण ऑक्टोबर ते जानेवारी म्हणजे गुऱ्हाळांच्या हंगामाचा निम्मा भाग. मी म्हटलं, गाळ्याचा करार करायचा तर पाडव्याचे सौदे झाले की जानेवारीच्या मध्याआधी उरका. फेब्रुवारी ते एप्रिल नवी उधारी देऊ नका, जुनी गोळा करा. भाडं मात्र आधीच्या दोन हंगामांच्या वहीवर ठरवा, माझ्या कागदावर नाही. हे शेवटचं मी प्रत्येकाला सांगतो. बिंदू मोजणं हे परंपरेचं गणित आहे, त्याला प्रयोगशाळेचा पुरावा नाही, आणि यार्डातला दर शनीला विचारून फुटत नाही.

मागे जाऊन ताडून बघणं

पुढचं सांगण्याआधी मागचं तपासावं, आणि तेही आपण काय शोधतोय हे समोरच्याला न कळू देता. नाहीतर बोट दाखवाल तिथे माणसाला दुखतं. मी कागदावर दोनच काळ लिहिले. एक, शनी सिंहेत, बिंदू 6, तिसरं घर: ढोबळ मानाने 2007 ते सप्टेंबर 2009. दुसरा, शनी तुळेत, बिंदू 1, पाचवं घर: नोव्हेंबर 2011 ते नोव्हेंबर 2014. कागद पालथा ठेवला आणि विचारलं, या वर्षांत काय काय झालं ते सांगा.

पहिल्या काळाबद्दल ते लगेच बोलले. वडिलांच्या अडतीवर बसायला लागले, गावोगाव फिरून गुऱ्हाळवाले जोडले, पायाला भिंगरी होती. तिसरं घर पराक्रमाचं आणि प्रवासाचं, त्यामुळे हे जुळलं. दुसऱ्याला ते थांबले. मग म्हणाले, “त्याच टायमाला पोरगी झाली सर. घरात लई आनंद.” पाचवं घर संततीचं, बिंदू एक, आणि उत्तर आनंद! थोड्या वेळाने पुस्ती जोडली की त्याच वर्षांत भाव चढेल म्हणून गूळ कोंडून ठेवला होता आणि तोट्यात काढावा लागला. सट्टाही पंचमातच येतो. मी मनात म्हटलं, आता जुळलं. मग स्वतःलाच दटावलं, कारण एका घराला पाच-सहा विषय जोडलेले असले की एक तरी जुळणारच. माझ्या वहीत त्या काळासमोर ‘अर्धं’ असं लिहिलंय.

असं अर्धं पडण्याचं एक कारण शास्त्रातच आहे. गोचर एकटं फळ देत नाही, त्या वेळी चालू असलेली महादशा-अंतर्दशा आधी बघायची. दशेचा ग्रह संततीकडे नेत असेल तर शनीचा एक बिंदू ते अडवत नाही, फार तर त्यात धाकधूक मिसळतो. म्हणून बिंदूंवरून घटना सांगायला जाऊ नये. कुठल्या घराचं काम हलकं जाईल आणि कुठलं रेटावं लागेल, एवढंच त्यातून वाचावं.

जून 2027 च्या सुरुवातीला शनी मेषेत जाईल, ऑक्टोबरमध्ये वक्री होऊन पुन्हा मीनेच्या शेवटच्या अंशांत येईल आणि फेब्रुवारी 2028 मध्ये मेषेत स्थिरावेल. मीनेचे ते शेवटचे अंश यांच्या लग्नाच्या कक्षेतले, म्हणजे मोकळे. मेष हे त्यांचं अकरावं, लाभाचं घर. तिथे घराचे 30 आणि शनीचे पुन्हा 3च. आकडा तोच असला तरी साक्षीदार बदललेत. शुक्र गेला, बुध आला. शनी, बुध आणि लग्न यांच्या कक्षा मोकळ्या, मधला पावणेचार ते पावणेएकोणीस अंशांचा लांबलचक पट्टा रिकामा. तो कागद नव्याने करावा लागेल. व्यापाऱ्यांना सांगितलंय, पुढच्या वेळी बेरीज घरून करून आणा, मी फक्त सूर्याच्या आणि लग्नाच्या ओळीतलं पहिलं टिंब तपासेन.